पुडी संपली, मग बाटली का नाही?

कुठल्याही होस्टेलच्या बाथरूममध्ये डोकावून बघा, शॅम्पूच्या फाडलेल्या पुड्या पडलेल्या दिसतील. त्या वापरणारे पुढे बाटली का घेत नाहीत? आळस नाही, हिशेब! आपल्याकडे बऱ्याच शॅम्पूंची पुडी मिलीमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मग बाटली घेईल कोण?

कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शॅम्पू आणला, तेव्हा पुडी हाच त्यांचा खरा माल होता. कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा नि एक चिक फुकट न्या, अशी त्यांची योजना होती. लोकांना चटक लागल्यावर ती फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्यांवर आली. पुडीनंतर पुन्हा पुडीच विकायची, तर हे झकास.

तुम्हाला मात्र बाटली विकायचीय. समजा, कॉलेज फेस्टमध्ये फेसवॉशचा स्टॉल लावलाय. (घरी ढवळून विकू नका हं, कॉस्मेटिक बनवायला परवाना लागतो, परवानाधारकाकडून बनवून घ्या.) १०० मिलीची बाटली २०० रुपयांना, म्हणजे मिलीला दोन रुपये. एका वेळी साधारण एक मिली लागतो. दोन मिलीच्या पुडीत दोनदा तोंड धुऊन होतं आणि कळतो तो फक्त वास. त्वचा कोरडी पडते का, हे कळायला आठवडा तरी हवा. दिवसातून दोनदा, सात दिवस, म्हणजे १४ मिली. म्हणून मिनी १५ मिलीची.

आता किंमत. मिनी २५ रुपयांना दिलीत, तर मिलीला पावणेदोन रुपयेही पडत नाहीत. गिऱ्हाईक खुशाल मिनीवर मिनी घेत राहील! ४० ठेवा, आणि तेच ४० बाटलीवर वळते करा. मिनी दाखवा, बाटली १६० ला. सवलत मिनीच्या लेबलवरच छापा, सुटी चिठ्ठी पहिल्याच दिवशी हरवते. मुदत तीन आठवडे पुरे, कारण मिनी आठवड्यात संपते आणि महिनाभरात माणूस जुन्या साबणाकडे परततो.

शंभर मिनी विकल्यात की वहीत दोन रकाने करा: किती जणांनी बाटली घेतली, किती जण दुसरी मिनी मागायला आले. दुसरा रकाना फुगला, तर मिनी अजून स्वस्त आहे. जे फिरकलेच नाहीत, त्यांना ‘आवडलं का?’ विचारू नका. तोंडावर सगळेच हो म्हणतात. ‘संपली का?’ असं विचारा. अर्धी तशीच पडून असेल, तर फेसवॉशमध्येच काहीतरी खटकलंय. संपवूनही आले नसतील, तर त्यांना १६० रुपये जड वाटतायत. अशांसाठी मधली, ५० मिलीची बाटली काढून बघता येईल.