दुसरा फ्लिप-फ्लॉप काय लक्षात ठेवतो?

एका तारेवरून शून्य आणि एक असे बिट एकामागोमाग एक येत आहेत. त्यांत ११०१ अशी जुळणी आली की लगेच दिवा लागला पाहिजे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हेच काम देतो. कागदावर गोल आणि बाण काढून बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. पण त्या गोलांना बिटांची नावं देताना मुलं फार घाई करतात. माझ्या मते सगळी गंमत त्या पायरीतच आहे.

आधी गोल काढून घेऊ. यंत्राला आलेले सगळे बिट लक्षात ठेवायची गरज नाही. ‘हव्या असलेल्या जुळणीचा किती भाग आत्तापर्यंत हाती आला आहे’ एवढंच त्याला ठाऊक असलं की पुरे. त्यामुळे चारच स्थिती लागतात. अ म्हणजे हाती काहीच नाही, ब म्हणजे १ आला, क म्हणजे ११ आले, आणि ड म्हणजे ११० आले. ड मध्ये असताना १ आला की जुळणी पूर्ण झाली, दिवा लागला.

जुळणी मोडते तेव्हा मागे कुठवर जायचं, इथे मुलं चुकतात. क मध्ये असताना पुन्हा १ आला तर? ‘०’ हवा होता आणि ‘१’ आला, म्हणून बरेच जण बाण थेट अ कडे किंवा ब कडे वळवतात. पण आता १११ आले आहेत आणि त्यांतले शेवटचे दोन ११ च आहेत, म्हणजे हातातलं काहीच गेलेलं नाही. क चा बाण वळून क वरच यायला हवा. ही चूक पकडायची तर ११००१ वगैरे देऊन उपयोग नाही, ११ १०१ द्यायचे. बाण ब कडे वळवलेला असेल तर दिवा लागतच नाही. तसंच जुळणी पूर्ण झाल्यावर अ वर परतायचं नाही, कारण ११०१ मधला शेवटचा १ हा पुढच्या जुळणीचा पहिला १ असू शकतो. म्हणून ड वरून ब कडे जायचं. ११०११०१ दिले तर दिवा चौथ्या बिटाला एकदा आणि सातव्याला पुन्हा, असा दोनदा लागला पाहिजे.

```
आत्ता   x=0   x=1
अ       अ     ब
ब       अ     क
क       ड     क
ड       अ     ब, दिवा
```

दिवा इथे बाणावर लिहिला आहे, गोलात नाही. या पद्धतीला जॉर्ज मीली यांचं नाव आहे, त्यांचा लेख १९५५ चा. पुढच्याच वर्षी एडवर्ड मूर यांनी मांडलेल्या पद्धतीत दिवा गोलात असतो. तशी रचना केली तर पाचवी स्थिती लागते आणि उत्तर एक ठोका उशिरा मिळतं. आपण मीलींच्या वाटेनं जाऊ.

आता तक्त्यावरून सर्किट करायचं. चार स्थिती लक्षात ठेवायला दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात, कारण प्रत्येक जण एक बिट धरून ठेवतो आणि दोघांच्या मिळून चार जोड्या होतात. डी फ्लिप-फ्लॉपचं वागणं अगदी सरळ असतं. क्लॉकचा ठोका पडताना त्याच्या डी टोकावर जे असेल ते तो उचलतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. म्हणून सगळं काम एका प्रश्नावर येतं: आत्ताची स्थिती आणि आत्ता आलेला बिट पाहून, प्रत्येक डी टोकावर काय ठेवायचं?

त्याआधी कुठल्या स्थितीला कुठली जोडी द्यायची ते ठरवावं लागतं. मुलांचा हात आपोआप मोजणीकडे जातो: अ ला ००, ब ला ०१, क ला १०, ड ला ११. त्यात चूक काहीच नाही. पहिल्या फ्लिप-फ्लॉपला Q1 आणि दुसऱ्याला Q2 म्हणून, कार्नॉ मॅप मांडून सोडवलं की हे हाती येतं (टिंब म्हणजे अँड, अधिक म्हणजे ऑर आणि स्वल्पचिन्ह म्हणजे उलट):

```
D1 = Q1·Q2' + Q1'·Q2·x
D2 = Q1'·Q2'·x + Q1·Q2·x + Q1·Q2'·x'
दिवा = Q1·Q2·x
```

दुसरी ओळ पाहा. मॅपमधल्या तीन एकांपैकी कुठलेही दोन शेजारी बसत नाहीत, त्यामुळे काहीच आटत नाही. असं तसंच जोडलं तर पाच अँड गेट लागतात, त्यांतली चार तीन-तीन टोकांची, शिवाय दोन ऑर आणि x उलटा करायला एक नॉट. ब्रेडबोर्डवर तारांचं जंगल होतं.

आता फक्त क आणि ड यांच्या जोड्यांची अदलाबदल करू. अ ००, ब ०१, क ११, ड १०. गोल तेच, बाण तेच, तक्ताही तोच. पुन्हा सोडवल्यावर हे येतं:

```
D1 = Q2·(Q1 + x)
D2 = x
दिवा = Q1·Q2'·x
```

दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला एकही गेट लागत नाही. येणारी तार थेट त्याच्या डी टोकावर लावायची आणि मोकळं व्हायचं. सगळ्या सर्किटला तीन अँड आणि एक ऑर पुरतात. म्हणजे दोन्ही फ्लिप-फ्लॉप ज्यात असतात ती ७४७४, अँडसाठी ७४०८ आणि ऑरसाठी ७४३२, एवढ्या तीन आयसी.

दरवर्षी या ठिकाणी कोणीतरी विचारतं, “सर, हे आधी कसं सुचायचं?” मी त्यांना सांगतो, सूत्रं बाजूला ठेव आणि नवीन नावांमध्ये दुसरा बिट कोणाकोणाचा १ आहे ते बघ. ब चा आणि क चा. ब म्हणजे ‘१ आला’, क म्हणजे ‘११ आले’. दोन्हींच्या शेवटी १ आहे. अ मध्ये हाती काही नाही आणि ड च्या शेवटी ० आहे. म्हणजे दुसरा फ्लिप-फ्लॉप फक्त शेवटी आलेला बिट लक्षात ठेवतोय. त्याला इतर कोणाची विचारपूस करायची गरजच नाही. पहिल्या फ्लिप-फ्लॉपचं कामही आता शब्दांत सांगता येतं: ११ येऊन गेले आहेत आणि जुळणी अजून जिवंत आहे, हे तो जपतो. मोजणीच्या नावांमध्ये मात्र दुसरा बिट ब आणि ड यांचा १ होता, आणि ‘१’ व ‘११०’ या दोघांत काहीच सामाईक नाही. अर्थ नसलेली गोष्ट लक्षात ठेवायला लावली की तिचा हिशोब करायला गेटांची रांग लागते.

हा निव्वळ योगायोग नाही. प्रत्येक फ्लिप-फ्लॉप चार स्थितींची दोन गटांत वाटणी करतो, आणि चांगली नावं म्हणजे चांगल्या वाटण्या. यूरिस हार्टमानिस यांनी १९६१ मध्ये या वाटण्यांचंच गणित मांडलं. आपल्या बाबतीत चार जोड्या चार स्थितींना देण्याचे २४ प्रकार आहेत. पण दोन फ्लिप-फ्लॉपची जागा बदलली किंवा एखाद्याचा ० आणि १ उलटा केला तर सर्किटमध्ये खरा फरक पडत नाही, म्हणून खऱ्या अर्थानं वेगळे प्रकार तीनच उरतात. तिसऱ्यातही D2 = x येतं, मात्र पहिल्याचं सूत्र थोडं लांबतं. तीन प्रकार हातानं तपासता येतात. आठ स्थिती आणि तीन फ्लिप-फ्लॉप असले तर असे ८४० प्रकार होतात, आणि तिथे ‘बिटाला अर्थ आहे का’ हा प्रश्नच माणसाला वाट दाखवतो.

एक वेगळी वाटही आहे, प्रत्येक स्थितीला स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप देण्याची. तिला वन-हॉट म्हणतात. एफपीजीए चिपमध्ये फ्लिप-फ्लॉप मुबलक असतात, म्हणून तिथे ती सर्रास वापरतात. पण आपल्या यंत्राला तशी चार फ्लिप-फ्लॉप दिली आणि वीज चालू होताना चारही ० वर उठले, तर कोणाचीच पाळी नसते. कोणत्याही डी टोकावर १ येत नाही आणि यंत्र कायमचं मुकं होतं. सुरुवातीला अ चा फ्लिप-फ्लॉप १ वर बसवणारी रिसेटची तार तिथे विसरून चालत नाही.

छोट्या सर्किटलाही एक दुखणं असतं, आणि ते मी माझ्याच टेबलावर पाहिलं आहे. बिट पाठवणारा बोर्ड वेगळा होता. दोन्ही बोर्डांवर आपापले १ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, म्हणजे दर ठोका १००० नॅनोसेकंदांचा. दिवा इतक्या वेगात दिसणार नाही, म्हणून तिथे काउंटर लावला होता. तपासणीसाठी मी १०१०१० असं सलग पाठवलं. त्यात ११ कुठेच नाही, म्हणजे काउंटर शून्यावर राहायला हवा. तो मात्र अधूनमधून एकेक पुढे सरकत होता.

कारण सूत्रांतच लिहिलेलं आहे. x हा D2 ला थेट पोचतो, तर D1 ला दोन गेटांतून. ७४एलएस जातीच्या एका गेटला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, म्हणून D1 सुमारे २० नॅनोसेकंद मागे असतो. यंत्र ब मध्ये, म्हणजे ०१ वर आहे, आणि ठोक्याच्या अगदी आधी x १ वरून ० वर आला, असं धरा. दुसऱ्यानं नवा ० उचलला, पहिल्यानं अजून जुना १ धरला. जोडी झाली १०, म्हणजे ड. यंत्राची समजूत अशी की ११० आले आहेत, प्रत्यक्षात आला आहे एक १ आणि एक ०. पुढच्या १ ला दिवा. हा धोका फक्त ब मध्येच आहे. बाकी तिन्ही स्थितींतून x ० असो वा १, पुढच्या दोन शक्यतांमध्ये एकाच बिटाचा फरक पडतो, तर ब मधून ०० किंवा ११ असे दोन्ही बिट बदलतात.

दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. त्यामुळे x बदलण्याचा क्षण आपल्या ठोक्याच्या मानानं हळूहळू सरकत राहतो आणि १००० पैकी त्या २० नॅनोसेकंदांच्या फटीत अधूनमधून येतोच. मी x आधी आणखी एका ७४७४ मधून, एकामागे एक असे दोन फ्लिप-फ्लॉप लावून, आत घेतला. आता D1 आणि D2 दोघांना एकच स्थिर बिट दिसू लागला आणि ब वरून ड ची उडी बंद झाली. काउंटर तरीही क्वचित सरकायचाच. घड्याळं सरकत असताना कधीतरी एक बिट दोनदा वाचला जायचा किंवा एक गळून पडायचा. १०१०१ मधला एक १ दोनदा वाचला किंवा दोन १ मधला ० गळाला, तर यंत्राच्या नजरेसमोरून खरोखरच ११०१ जात होतं. शेवटी पलीकडच्या बोर्डाचं क्लॉक दुसऱ्या तारेनं इकडे आणलं आणि माझा क्रिस्टल काढून टाकला. त्यानंतर तासभर १०१० पाठवत बसलो, काउंटर शून्यावरच होता.