रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्याचं नाव ठेवताना 'हाड' का टाळावं?

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला नाव नसलं, तरी काही शब्द त्याच्या चांगलेच ओळखीचे असतात. 'हाड' ऐकू आलं की मागून दगड येतो, हे तो शिकलेला असतो.

समजा, एका कुटुंबाला पावसात रिक्षाखाली भिजत बसलेली कुत्री सापडली. बरगड्या दिसतात म्हणून मुलं तिला 'हाडकी' म्हणू लागली. पण हाक मारली की ती शेपूट पोटाशी घेऊन पलंगाखाली शिरायची, कारण तिला त्यात 'हाड'च ऐकू यायचं. मग पावसात सापडली म्हणून नाव ठेवलं 'सरी'. छोटं, मऊ आणि हाकलण्याच्या शब्दांपेक्षा वेगळं.

ती दुसरीकडे बघत असताना हळू आवाजात एकदाच 'सरी' म्हणायचं. कान वळला की लगेच पोळीचा तुकडा द्यायचा. दिवसातून २-३ वेळा, दरवेळी ५-६ हाका पुरेत. रागावताना किंवा इंजेक्शनला नेताना हे नाव घेऊ नये, नाहीतर तेही तिच्यासाठी 'हाड'च होतं.

हातात खाऊ नसतानाही ती वळली, तर नाव रुजलं असं समजावं. कुठल्याच आवाजाला कान हलत नसतील, तर नाव बदलण्याआधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत.