मराठ्यांच्या बंदुकीचा पल्ला बदलताना

‘एम्पायर : टोटल वॉर’ हा गेम मार्च २००९ मध्ये बाजारात आला. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो बनवला आणि सेगाने प्रकाशित केला. मोठी मोहीम १७०० साली सुरू होते आणि १७९९ पर्यंत चालते. खेळाडूला ज्या सत्ता निवडता येतात त्यांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या रांगेत मराठेही आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक गेमरांनी हा गेम इतिहासाच्या चष्म्यातून खेळला आणि त्यांच्या तक्रारीही इतिहासाच्याच होत्या. पानिपतावर इब्राहिमखान गारदीचे पायदळ फ्रेंच धर्तीवर कवायत शिकलेले होते. पुढे १७८४ पासून महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनाधिकाऱ्याने पलटणी उभ्या केल्या. मग गेममधला मराठा बंदूकधारी नेमबाजीत मागे का पडावा?

ही तक्रार कंपनीकडे न नेता घरच्या घरी सोडवता येते, कारण गेममधले सैनिक किती मारतात, किती तग धरतात, किती लांबून गोळी झाडतात हे प्रोग्रॅमच्या पोटात कोरून ठेवलेले नसते. ते तक्त्यांमध्ये लिहिलेले असते. गेम सुरू होताना प्रोग्रॅम हे तक्ते वाचतो. तक्ता बदला, लढाई बदलते.

हे तक्ते गेमच्या `data` फोल्डरमधल्या `.pack` फायलींत बांधलेले असतात. त्यांत `main.pack` ही मुख्य, आणि मागाहून आलेल्या दुरुस्त्यांच्या `patch.pack` व तिच्या पुढच्या क्रमांकांच्या. फाइल उघडायला गेमरांनीच लिहिलेली मोफत साधने आहेत. आधी पॅकफाइल मॅनेजर होता, आता बहुतेक जण ‘आरपीएफएम’ वापरतात. उघडल्यावर डावीकडे फोल्डरांची उतरंड दिसते. त्यातल्या `db` फोल्डरमध्ये शेकडो तक्ते असतात आणि बंदुकीच्या कामाचे त्यांतले मुख्य दोन. `unit_stats_land_tables` मध्ये प्रत्येक पथकाची एक ओळ असते: नेमबाजी, बार भरण्याचे कौशल्य, दारूगोळा, हातघाईचा हल्ला, बचाव, मनोधैर्य. `projectiles_tables` मध्ये गोळीची ओळ असते: पल्ला, सुटण्याचा वेग, इजा.

इथेच नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो. पथकाच्या ओळीत पल्ला शोधतो आणि तो तिथे सापडत नाही. पथकाशी बंदुकीचे नाव बांधलेले असते, बंदुकीशी गोळीचे, आणि पल्ला गोळीकडे असतो. एकाच प्रकारची गोळी डझनभर पथके वापरत असतील, तर मराठ्यांचा पल्ला वाढवायला जावे आणि मोगलांचाही वाढून बसावा. म्हणून जाणकार मॉडर आधी गोळीची ओळ कॉपी करतो, तिला नवे नाव देतो, तशीच बंदुकीची नवी ओळ करतो आणि मग आपल्या पथकाला त्या नव्या बंदुकीशी जोडतो.

एडिटरमध्ये हे सगळे एक्सेलच्या शीटसारखे दिसते, पण फायलीत कॉलमांची नावे नसतातच. सुरुवातीला तक्त्याच्या आवृत्तीचा आकडा, मग एकूण ओळी किती तो आकडा आणि त्यानंतर सलग बाइट. कोणते चार बाइट म्हणजे पल्ला आणि कोणते म्हणजे वेग, हे एडिटरला ‘स्कीमा’ नावाच्या वेगळ्या फायलीतून कळते. ती मॉडरांनी वर्षानुवर्षे ताडून पाहत तयार केलेली असते. स्कीमा एका आवृत्तीचा आणि तक्ता दुसऱ्या आवृत्तीचा असला, की एक कॉलम चुकतो आणि पुढचे सगळे सरकतात. तो प्रकार ओळखायला सोपा असतो: मनोधैर्याच्या रकान्यात एकदम कोट्यवधीचा आकडा दिसतो.

आता आकडा बदलताना आत काय होते ते पाहू. समजा गोळीचा पल्ला ९० आहे आणि तो १२० करायचा आहे. दशांश आकडे चार बाइटांत ठेवतात आणि सगळ्यात हलका बाइट आधी लिहितात. एडिटरमध्ये आकडा बदलून सेव्ह केले, की फायलीत एवढाच फरक पडतो:

```
90.0   ->  00 00 B4 42
120.0  ->  00 00 F0 42
```

चारपैकी एकच बाइट बदलला आणि फायलीची लांबी होती तेवढीच राहिली. अशा बदलासाठी साधा हेक्स एडिटरही चालला असता.

शब्द बदलला की मात्र गोष्ट वेगळी. या गेमच्या तक्त्यांत शब्दाआधी त्यातल्या अक्षरांची संख्या दोन बाइटांत लिहितात आणि मग प्रत्येक अक्षराला दोन बाइट देतात. एखाद्या रकान्यात ‘musket’ ऐवजी ‘rifle’ लिहिले, तर:

```
06 00 6D 00 75 00 73 00 6B 00 65 00 74 00   (14)
05 00 72 00 69 00 66 00 6C 00 65 00         (12)
```

तक्ता दोन बाइटांनी आखूड झाला. एकट्या तक्त्यापुरते यात काही बिघडत नाही, पण तो तक्ता पॅक फायलीत इतर फायलींना चिकटून ठेवलेला असतो. पॅकच्या डोक्यावर `PFH0` ही खूण, मग पॅकचा प्रकार आणि आत किती फायली आहेत तो आकडा. त्यानंतर यादी येते. यादीत प्रत्येक फायलीचा आकार आणि मार्ग असतो, ती कुठून सुरू होते ते नसते. रेल्वेगाडीच्या डब्यांवर नंबर नसून फक्त प्रत्येकाची लांबी माहीत असावी, तसे हे आहे: सातवा डबा गाठायचा तर आधीच्या सहांची बेरीज करावी लागते. मधला एक तक्ता दोन बाइटांनी आखूड झाला आणि यादीत जुनाच आकार राहिला, तर त्यापुढची प्रत्येक फाइल गेम दोन बाइट चुकवून वाचू लागतो. मेन्यू दिसण्याआधीच गेम बंद पडतो.

म्हणून ‘रीपॅक’ करायचे, म्हणजे यादीतले आकार नव्याने मोजून पॅक पुन्हा बांधायचा. हे काम साधन स्वतः करते. या पॅकांना आकुंचन किंवा कुलूप नसते, त्यामुळे बांधणी काही सेकंदांत होते.

पण मूळ `main.pack` ला हात लावायचा नसतो. स्टीमने फायलींची पडताळणी केली, की बदललेली फाइल टाकून मूळ फाइल परत येते आणि काम वाया जाते. म्हणून नवा रिकामा पॅक तयार करायचा, त्याचा प्रकार ‘मॉड’ ठेवायचा आणि त्यात फक्त बदललेले तक्ते टाकायचे. एकाच मार्गाची फाइल दोन पॅकांत आढळली, तर गेम मॉडमधली घेतो आणि मूळ फायलीकडे पाहतही नाही. हा बदली देण्याचा नियम पूर्ण फायलीला लागू होतो, एका ओळीला नाही. म्हणून मॉडमधल्या तक्त्यात फक्त मराठ्यांची एक ओळ ठेवली आणि नाव मूळचेच दिले, तर बाकी सगळ्या जगाची सैन्ये तक्त्यातून नाहीशी होतात. पूर्ण तक्ता कॉपी करूनच बदल करावा लागतो.

त्यातही एक खोडा असतो. तक्ता `main.pack` मधून उचलला, तर तो मार्च २००९ चा असतो. नंतरच्या दुरुस्त्यांनी बदललेले आकडे पॅच फायलींत असतात. जुना तक्ता मॉडमध्ये घातला, की मराठ्यांची नेमबाजी सुधारते, पण कंपनीने इतर पथकांत केलेली दुरुस्ती गुपचूप रद्द होते. सगळ्यात शेवटच्या पॅचमध्ये तो तक्ता आहे का, हे आधी पाहायचे.

पॅक `data` फोल्डरमध्ये ठेवल्यावर गेमला त्याचे नाव सांगावे लागते. त्यासाठी विंडोजच्या `%AppData%\The Creative Assembly\Empire\scripts` या फोल्डरमध्ये `user.empire_script.txt` नावाची फाइल असते. तिच्यात एक ओळ:

```
mod gardi_test.pack;
```

ओळ साधी असली तरी बरेच जण इथेच अडकतात. ही फाइल नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-१६ एलई’ म्हणून, जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून, जतन व्हावी लागते. साध्या एन्कोडिंगमध्ये जतन केली, तर गेम ती वाचत नाही आणि कुठली सूचनाही देत नाही. लढाई पूर्वीसारखीच चालते आणि बदल लागला की नाही हेच कळत नाही.

त्यामुळे पहिली चाचणी मुद्दाम बेढब आकड्याने करतात. पल्ला १२० ऐवजी ५०० लिहायचा. मराठे मैदानाच्या पलीकडून बार काढू लागले, तर पॅक चढला आहे. नाही लागले, तर दोष आकड्यात नसून स्क्रिप्टमध्ये, पॅकच्या प्रकारात किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये आहे. गेम उघडतानाच कोसळला, तर तक्त्यात कुठेतरी अस्तित्वात नसलेल्या बंदुकीचे नाव लिहिलेले असते, किंवा ओळ मोडलेली असते.

या बेढब चाचणीत आणखी एक गोष्ट दिसते. पल्ल्याचा आकडा सैनिकाला ‘आता झाडायला हरकत नाही’ एवढेच सांगतो. गोळी किती उडेल हे तिच्या वेगावर ठरते. वेग तोच ठेवून पल्ला फार वाढवला, तर नळ्या आभाळाकडे उचलल्या जातात किंवा गोळ्या शत्रूच्या अलीकडेच पडतात. दोन्ही आकडे मिळून बदलावे लागतात.

आकडे लागले आणि गेम चालला, तरी बदल हवा तेवढाच झाला का, हा प्रश्न उरतो. नेमबाजीच्या रकान्यात ३५ चे ४५ केले म्हणजे दहा टक्के जास्त गोळ्या लागतील असे नाही. तो आकडा कोणत्या सूत्रात जातो हे तक्त्यात नसते, ते बंद प्रोग्रॅममध्ये असते. म्हणून मोजूनच पाहावे लागते: सपाट मैदान, तोच शत्रू, तेच अंतर आणि पहिल्या फैरीनंतर लढाई थांबवून मेलेल्यांची मोजणी.

मोजणीत घाई नडते, कारण प्रत्येक गोळीचा निकाल गेम यदृच्छेने ठरवतो. समजा १०० गोळ्यांपैकी सरासरी ३० लागतात. मग निव्वळ नशिबाने पडणारा चढउतार ढोबळमानाने साडेचार-पाच गोळ्यांचा असतो. एका फैरीत ३० ऐवजी ३४ पडले, म्हणून नेमबाजी सुधारली असे म्हणता येत नाही. अशा दहा फैरी मोजल्या तर १,००० गोळ्यांत ३०० ची अपेक्षा असते आणि चढउतार १४-१५ चा. तिथे ३४० पडले, तर तो फरक नशिबाचा म्हणून सोडून देता येत नाही. दहा फैरी जुन्या तक्त्यावर आणि दहा नव्यावर काढल्या, की कामापुरते उत्तर मिळते.

पथकांचे आकडे दर वेळी गेम सुरू होताना वाचले जातात, म्हणून अर्ध्यावर आलेल्या जुन्या मोहिमेतही हा बदल लागू होतो. मोहिमेच्या सुरुवातीला कोणाकडे कोणता प्रांत आणि किती सैन्य, हे मात्र `startpos.esf` या वेगळ्याच प्रकारच्या फायलीत असते. ती बदलायला दुसरे साधन लागते आणि तो बदल पाहायला मोहीम १७०० पासून नव्याने सुरू करावी लागते. मित्राशी नेटवर लढायचे असेल, तर दोघांकडे अगदी तोच पॅक हवा. दोन्ही संगणक आपापल्या तक्त्यावरून लढाईचा हिशेब करतात आणि तक्ते वेगळे असले, तर एकाच्या पडद्यावर मेलेला गारदी दुसऱ्याच्या पडद्यावर बार भरत उभा असतो.