निलंबन काळातला निर्वाह भत्ता

निलंबित कर्मचाऱ्याची नोकरी सुटलेली नसते, म्हणून पगार थांबला तरी त्याला निर्वाह भत्ता मिळतो. महाराष्ट्र शासनाच्या 1981 च्या नियमांनुसार तो अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका असतो आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो.

मूळ वेतन 40,000 रुपये असलेला लिपिक धरा. पहिले तीन महिने त्याला 20,000 रुपये आणि त्या रकमेवरचा महागाई भत्ता मिळेल. त्यानंतर चौकशी कोणामुळे लांबली, हे पाहिले जाते. विलंब त्याच्यामुळे नसेल, तर भत्ता निम्म्यापर्यंत वाढवता येतो. ही वाढ 20,000 च्या निम्मी, म्हणजे एकूण 30,000. चौथ्या महिन्यापासून पूर्ण पगार सुरू होतो हा समज चुकीचा आहे. तारखांना गैरहजर राहून त्यानेच चौकशी रखडवली असेल, तर भत्ता 10,000 पर्यंत उतरू शकतो.

ही वाढ आपोआप होत नाही, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. फाइल पडून राहिली की घरात जुनीच रक्कम येत राहते. म्हणून तीन महिने संपताच लेखी अर्ज करावा आणि त्यात चौकशीच्या प्रत्येक तारखेची हजेरी नमूद करावी. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचे प्रमाणपत्रही द्यावे लागते; त्याअभावी भत्ता अडतो.

भत्ताच न देता चौकशी उरकणे मला अन्यायाचे वाटते. पॉल अँथनी खटल्यात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी एकतर्फी चौकशी ग्राह्य धरली नाही, कारण पैशांअभावी कर्मचारी चौकशीच्या ठिकाणी पोहोचूच शकला नव्हता.