पावतीवरील उपकर पालिकेचा नसतो; लेखापरीक्षक तो कसा शोधतात?

बंगळुरू : शिवाजीनगरातील एखाद्या दुकानाचा वार्षिक मालमत्ता कर १०,००० रुपये असेल, तर इतर आकार वगळता मालकाला १२,४०० रुपये भरावे लागतात. वरचे २,४०० रुपये २४ टक्के उपकरांचे. त्यांपैकी ६ टक्के ग्रंथालयांसाठी आणि ३ टक्के भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी असतात. हे ९०० रुपये पालिकेचे उत्पन्न नव्हे. ते वसूल करून संबंधित यंत्रणेकडे पोहोचविणे एवढेच तिचे काम असते.

लेखापरीक्षणाची खरी कसोटी येथेच लागते. संपूर्ण रक्कम उत्पन्नात दाखविली, तर पालिका आहे त्यापेक्षा सधन भासते. म्हणून लेखापरीक्षक वर्षभराच्या निव्वळ करवसुलीचे ९ टक्के काढतात, वसुलीखर्चाची नियमानुसार वजावट करतात आणि उरलेली रक्कम भरणा चलनांशी ताडून पाहतात. भरणा झालेला नसेल, तर ती रक्कम देण्यांच्या बाजूस दिसली पाहिजे. दोन्हीकडे नसेल, तर तो पैसा अन्यत्र खर्च झाल्याचा संशय बळावतो.

वसुलीचा आकडा बरोबर असला, तरी मागणीच कमी नोंदली गेली असू शकते. बंगळुरूत २००० पासून स्वयंमूल्यांकनाची पद्धत आहे. क्षेत्रफळ व वापर मालक स्वतःच घोषित करतो. कमर्शियल स्ट्रीटवरील दुकान निवासी म्हणून नोंदले गेले, तर पावती आणि बँकखाते जुळूनही कर बुडतो. व्यापार परवाना आणि वीजजोडणीचा प्रकार पडताळल्याखेरीज ही चूक कागदावर उमटत नाही.

अनुदानाबाबत प्रश्न तुलनेने सरळ असतो : रक्कम ज्या कामासाठी आली त्याच कामावर खर्च झाली काय, आणि विनियोग प्रमाणपत्राची तारीख देयकाच्या आधीची तर नाही ना?

बांधकामाचा खर्च मात्र मोजमाप पुस्तिकेवर उभा असतो. समजा, १०० मीटर लांब व ४ मीटर रुंद काँक्रीट रस्त्याची जाडी १५ सेंटीमीटर दाखविली, तर देयक ६० घनमीटरचे निघेल. प्रत्यक्ष जाडी १२ सेंटीमीटर निघाली, तर काम ४८ घनमीटरच झालेले असते. लांबी-रुंदी फितीने मोजता येते. जाडी मात्र रस्त्याला भोक पाडून नमुना काढल्यावरच कळते. अशी तपासणी निवडक कामांचीच होऊ शकते, ही लेखापरीक्षणाची मर्यादा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आणि शिवाजीनगर मध्य महापालिकेत गेले. त्यामुळे तेथील लेखापरीक्षकांना आरंभीच्या शिलकांपासूनच सुरुवात करावी लागेल : जुन्या पालिकेने उपकर थकविला असल्यास ते देणे पाचांपैकी कोणाच्या ताळेबंदात गेले, हे आधी पाहावे लागेल.