हप्ता तोच, वाटणी वेगळी

३० लाखांचं गृहकर्ज, व्याजदर ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता सुमारे २६,९९२ रुपये. बँक हप्त्यातून आधी शिल्लक मुद्दलावरचं महिन्याचं व्याज घेते, उरेल तेच मुद्दलात जमा करते. पहिल्या महिन्यात ३० लाख जसेच्या तसे बाकी, म्हणून व्याजच २२,५०० रुपये. मुद्दल फिटतं जेमतेम ४,४९२. पुढच्या महिन्यात व्याज घटतं फक्त ३४ रुपयांनी. हा बदल इतका संथ, की दर तोच राहिला तर मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा व्हायला तेरावं वर्ष उजाडतं. पाच वर्षांत सोळा लाखांवर रक्कम भरूनही मुद्दल साधारण ३ लाख ३९ हजारांनीच कमी झालेलं असतं. जादा रक्कम भरायची तर याच वर्षांत भरावी. तिच्यावरचं पुढच्या सगळ्या महिन्यांचं व्याज वाचतं.