स्वस्त चित्राचा खरा भाव

समजा, मसाल्याच्या पाकिटासाठी एआयकडून चित्र हवं आहे: पितळी ताटात डावीकडे पाच सुक्या मिरच्या, उजवीकडे हळकुंडं, वरची जागा नावासाठी मोकळी. एका साधनात चित्राला 2 रुपये पडतात, पण मिरच्या कधी सात येतात, कधी उजवीकडे जातात. विसांत एकच चित्र कामाचं निघतं. दुसऱ्यात 8 रुपये पडतात, पण चारांत एक जमतं. म्हणजे वापरता येणारं चित्र पहिल्यात 40 रुपयांना पडलं, दुसऱ्यात 32 रुपयांना. शिवाय वीस चित्रं चाळणाऱ्याचा वेळ गेला तो वेगळाच. म्हणून दोन्हीकडे हीच सूचना द्यावी आणि सरळ मिरच्या मोजाव्यात. देखणेपणाला भुलू नये.

छपाईत 1024 पिक्सेल रुंदीचं चित्र 300 डीपीआयला जेमतेम 8.7 सेंटिमीटर भरतं. लहान पाकिटाला पुरतं, ए4 पत्रकाला नाही. मोठं करणारं सॉफ्टवेअर मिरचीच्या सालीवरचा पोत स्वतःच्या मनानं भरतं, तो नीट तपासावा लागतो.

परवाना मात्र सगळ्यात आधी वाचावा. एकाच कंपनीच्या ‘फ्लक्स.1’मधलं ‘श्नेल’ अपाचे 2.0 परवान्यामुळे धंद्यासाठी खुलं आहे. ‘डेव्ह’ धंद्यात चालवायला वेगळा परवाना घ्यावा लागतो.